काठ वळत नाही

माझी भाची फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीआधी तिने ए-फोर कागदावर पेन्सिलीने एक ड्रेस काढून माझ्यासमोर ठेवला. बोटनेक गळा, कोपरापर्यंत येऊन घंटेसारखी उघडणारी बाही, गुडघ्याच्या जरा खाली थांबणारा घेरदार ए-लाइन स्कर्ट. कापड खणाचं, आणि खालच्या घेराला खणाचाच काठ. ‘‘मामा, हा फोटोतल्या मुलीच्या अंगावर घालून दाखव. शिवायच्या आधी बघायचाय.’’

फोटो दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे काम एका संध्याकाळचं वाटलं. ते चार संध्याकाळी चाललं आणि शेवटचा निकाल दिला तो टेलर मास्तरांनी. हाताने काढलेलं चित्र खऱ्या माणसाच्या फोटोवर खऱ्या कपड्यासारखं कसं उतरतं, कुठे अडतं आणि खरं की खोटं हे कसं ओळखायचं, हे त्या चार संध्याकाळींच्या आधारे सांगतो.

पूर्वी हे काम दोनच प्रकारे व्हायचं. एक तर कपडा शिवून फोटो काढायचा, नाहीतर दुसऱ्या फोटोतला तसाच कपडा कापून, ताणून, रंगवून बसवायचा. रेघांवरून थेट वस्तूचं चित्र तयार करण्याचा लोकांच्या लक्षात राहिलेला प्रयोग २०१७ सालचा. ‘पिक्स-टू-पिक्स’ नावाच्या त्या पद्धतीत पर्सची किंवा बुटाची बाह्यरेषा दिली की यंत्र आत चामडं भरून द्यायचं. २०२३ मध्ये ‘कंट्रोलनेट’ आलं. शब्दांवरून चित्र काढणाऱ्या मॉडेलला रेघांचा लगाम घालायची सोय त्याने केली. त्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांनी नेमकं आपल्या विषयाचंच काम मांडलं: माणसाचा फोटो, त्याची उभं राहण्याची ढब, कपड्याचं रेखाटन आणि दोन ओळींचं वर्णन द्यायचं, चेहरा आणि शरीर तेच ठेवून फक्त कपडा बदलून मिळतो.

यांतल्या २०२३ च्या दोन्ही पद्धतींच्या मुळाशी एकच युक्ती आहे. मॉडेलला लाखो फोटो दाखवतात, पण त्यांच्यावर टीव्हीवर येणाऱ्या मुंग्यांसारखी खर पसरून. त्या खरीतून मूळ फोटो परत काढायला ते शिकतं. पुढे त्याला नुसती खर दिली तरी ते वीस-तीस पायऱ्यांत ती निवळत नेतं आणि चित्र वर येतं. फोटोचा काहीच भाग बदलायचा असेल, तर तेवढ्या भागावर खर टाकायची आणि बाकीचा फोटो तसाच ठेवायचा. त्या भागाला आम्ही मास्क म्हणतो. खर निवळताना कुठे काय यावं हे दोन गोष्टी सांगतात. शब्द सांगतात कापड कसलं आणि रंग कोणता. रेघा सांगतात गळा कुठे, बाही कुठे आणि घेर कुठे संपतो.

रेघ समजणाऱ्या मॉडेलचं शिक्षण बहुतांशी हातच्या चित्रांवर झालेलं नसतं. खऱ्या फोटोंतून संगणकाने काढलेल्या कडा त्याला दाखवलेल्या असतात. म्हणजे त्याने पाहिलेली प्रत्येक रेघ मुळात खऱ्या माणसाच्या अंगावरच्या खऱ्या कपड्याची होती. भाचीची रेघ तशी नव्हती, आणि पहिला घोटाळा तिथेच झाला.

नऊ डोक्यांची बाई

फॅशनच्या चित्रात बाई उंच काढायची शिस्त आहे. मोजमाप डोक्याच्या उंचीने करतात. खरी बाई साधारण साडेसात डोकी उंच असते. फॅशन स्केच नऊ डोक्यांचं असतं, कधी दहाचंही. डोकं २१ सेंटिमीटरचं धरलं, तर साडेसात डोकी म्हणजे सुमारे १५८ सेंटिमीटर, आपल्याकडची चारचौघींसारखी उंची. त्याच डोक्याच्या नऊ डोकी म्हणजे १८९ सेंटिमीटर, सहा फूट दोन इंच. वाढलेली उंचीही सगळीकडे सारखी वाटलेली नसते. बरीचशी पायांत जाते. कंबर मात्र उलट बारीक होते. भाचीच्या चित्रात कंबरेची रुंदी पाऊण डोकं होती. खऱ्या मापात ती सोळा सेंटिमीटरही भरत नाही. माझ्या फोटोतल्या मुलीची समोरून दिसणारी कंबर पंचवीसच्या पुढे होती, आणि ती मुलगी चांगली सडपातळ आहे.

पहिल्या संध्याकाळी मी स्केच स्कॅन केलं, खांद्याला खांदा जुळवला आणि तसंच फोटोवर ठेवलं. गुडघ्याखाली दोन इंच थांबायचा स्कर्ट पोटरीच्या मध्यावर पोचला. मग उंची जुळवली, तर खांदे अंगापेक्षा अरुंद झाले. मॉडेलने तरीही चित्र काढून दिलं; अडतं कुठे हे ते कधी सांगत नाही. बारीक कंबरेची रेघ पाळायची म्हणून त्याने पोटाच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या रंगाच्या विचित्र सावल्या भरल्या आणि मुलीचे कोपर आत ओढले.

उपाय साधा असला तरी हाताने करायचा आहे. स्केचमधून बाई पुसून टाकायची. चेहरा, केस, पाय सगळं जाऊ द्यायचं आणि फक्त कपडा ठेवायचा. मग त्याचे तुकडे करायचे: वरचा भाग, दोन बाह्या, स्कर्ट. फोटोवर मानेचा खळगा, दोन्ही खांद्यांची टोकं, कंबर, गुडघा असे ठिपके ठेवायचे आणि एकेक तुकडा त्याच्या ठिपक्यांना जुळेपर्यंत स्वतंत्रपणे ताणायचा. मास्तर दुसऱ्याच्या मापाचा कपडा आल्टर करतात तसंच हे आहे: खांदा वेगळा सोडवायचा, कंबर वेगळी, उंची वेगळी. इटलीतल्या संशोधकांनीही रेखाटन अंगावर बसवण्यासाठी असा ताण देण्याची वेगळी पायरी ठेवली आहे. फक्त ती संगणक करतो.

कागद साफ करणं हे त्याआधीचं काम. पेन्सिलीची तिरपी छटा आपल्याला सावली वाटते, मॉडेलला त्या रेघा चुण्या वाटतात. भाचीने स्कर्टच्या डाव्या बाजूला सवयीने छटा दिली होती, आणि पहिल्या चित्रात तेवढ्याच बाजूला बारीक प्लीट्स आल्या. तेव्हा ठरवलं, ज्या रेघेला कपड्यात अर्थ आहे तेवढीच ठेवायची. कड, शिवण, खरी चुणी. बाकी सगळं पुसायचं.

मास्क किती मोठा

फोटो कोणता घ्यावा यावर निम्मं काम अवलंबून असतं. ओळखीच्या एका मुलीने तिच्या संमतीने मला फोटो काढू दिला. अंगावर बिनबाह्यांचा घट्ट टॉप आणि लेगिंग्ज, हात कंबरेपासून थोडे दूर, प्रकाश डावीकडच्या खिडकीतून. घट्ट कपडे यासाठी की शरीर कुठे आहे हे कळलं पाहिजे. सैल कुर्त्याचा फोटो घेतला तर कंबर कुठे आहे हे मॉडेलही ठरवतं आणि आपणही, आणि दोघांचं जमत नाही.

मास्क जुन्या कपड्याच्या कडेला घट्ट ठेवला तर नवा कपडा जुन्याच आकारात अडकतो. बाहीला उघडायला जागा उरत नाही. म्हणून मास्क नव्या कपड्याच्या रेघेच्याही थोडा बाहेर काढायचा. मात्र तो पंज्यांवर आणि खांद्यावर रुळणाऱ्या केसांवर जाऊ द्यायचा नाही, कारण मास्कच्या आत जे जे आहे ते सगळं नव्याने घडवलं जातं. बोटं नव्याने घडवली गेली की ती कधी पाच येतात, कधी सहा. या ड्रेसमध्ये गुडघ्याखालची लेगिंग्ज मास्कमध्ये घ्यावीच लागली, तिथे उघडा पाय हवा होता. तो पाय मॉडेलने कल्पनेने काढला. असा प्रत्येक कल्पनेतला तुकडा मी शेवटी मोठा करून बघतो.

मग वर्णन. खण हा शब्द मी आधी घालून पाहिला आणि मिळालं ते ब्रोकेडसारखं काहीतरी चकचकीत प्रकरण. मॉडेलला खण माहीत असण्याइतके फोटो त्याने बहुधा पाहिलेच नव्हते. शेवटी नक्षीचा नाद सोडला आणि साधं कापड मागितलं:

```
knee-length A-line dress, boat neck, elbow-length bell sleeves,
plain matte maroon cotton-silk, soft daylight from left
```

प्रकाशाची दिशा मुद्दाम लिहिली आहे. न लिहिता सोडली तर मॉडेल स्टुडिओतला समोरचा प्रकाश गृहीत धरतं, आणि चेहऱ्यावर डावीकडून ऊन, कपड्यावर समोरून दिवा असं होतं.

रेघ किती कडक पाळायची याचीही एक कळ असते. ती पूर्ण, म्हणजे १ वर ठेवली तर हाताच्या थरथरीसकट रेघ पाळली जाते. पेन्सिल जिथे जराशी हलली तिथे घेराला दात पडतात. ०.३ वर आणली तर बोटनेकचा गोल गळा होतो. मला ०.७ ला जमलं. शिवाय एकूण पायऱ्यांतल्या पहिल्या तीन-चतुर्थांशातच रेघेचा अंमल ठेवला आणि शेवटच्या चतुर्थांशात तो काढून घेतला. आकार सुरुवातीच्या पायऱ्यांतच पक्का होतो आणि कापडाचा पोत शेवटी येतो. शेवटी रेघ हटली की कड कापडासारखी मऊ दिसते. नाहीतर ती पेननं गिरवल्यासारखी राहते.

बुट्टी का विरघळते

दुसऱ्या संध्याकाळी साध्या मरून कापडातला ड्रेस छान बसला. आता त्यावर खण चढवायचा होता. तो मॉडेलकडून का येत नाही, यामागे केवळ ओळख नसणं हे कारण नाही, हिशेबही आहे.

मी वापरतो ते मॉडेल फोटो जसाच्या तसा हाताळत नाही, आधी आकसवतं. आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे चौसष्ट ठिपके आणि प्रत्येकाचे तीन रंग, एकूण १९२ आकडे, त्याच्यासाठी फक्त चार आकड्यांत मावतात. माझं चित्र ५१२ बाय ७६८ ठिपक्यांचं होतं आणि मुलगी त्यात सुमारे ७०० ठिपके उंच होती. १५८ सेंटिमीटरची मुलगी ७०० ठिपक्यांत, म्हणजे एक ठिपका सव्वादोन मिलिमीटरचा आणि एक चौकोन १८ मिलिमीटरचा. भाचीने रविवार पेठेतून आणलेल्या खणाची बुट्टी होती एक सेंटिमीटरची. बुट्टी चौकोनापेक्षा लहान. मॉडेलला तिथे ‘काहीतरी नक्षी आहे’ एवढंच धरून ठेवता येतं आणि उलगडताना ते अंदाजाने नक्षी काढतं. ती लांबून बरी दिसते. जवळ गेलं की एक बुट्टी फुलासारखी, शेजारची किड्यासारखी, तिसरी दोघांत विरघळलेली.

म्हणून आकार, सावली आणि मोड मॉडेलकडून घ्यायचे आणि कापड खऱ्या कापडावरून घ्यायचं. खण टेबलावर सपाट पसरून वरून फोटो काढला. ड्रेसचं चित्र चौपट मोठं केलं. आता एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, आणि एक सेंटिमीटरची बुट्टी अठरा ठिपक्यांची झाली. कापडाचा फोटो बरोबर त्या मापाला आणून ड्रेसवर ‘मल्टिप्लाय’ थरात ठेवला, म्हणजे खालच्या सावल्या वरच्या नक्षीतून दिसत राहतात. मग खालच्या चित्राच्या उजेड-सावलीचाच नकाशा करून नक्षी मोडांबरोबर थोडी सरकवली. नक्षी मोडावरूनही सरळच गेली तर कपडा भिंतीवरच्या कागदासारखा दिसतो.

मापाची चूक इथे सगळे करतात आणि मीही केली. नक्षी छान दिसावी म्हणून हात आपोआप ती मोठी करतो. पहिल्यांदा माझी बुट्टी तीन सेंटिमीटरची झाली होती आणि मुलगी बाहुलीसारखी दिसायला लागली. डोळा कापडाच्या नक्षीवरून माणसाचं आकारमान ठरवतो. खरं माप ठेवलं की खण लांबून जवळजवळ एकरंगी, नुसता दाणेदार दिसतो. खऱ्या दुकानातही तो तसाच दिसतो.

शेवटी एक छोटी गोष्ट. चित्र आकसवून पुन्हा उलगडताना मास्कबाहेरचाही भाग किंचित बदलतो. डोळ्यांतली चमक, कानातलं डूल. म्हणून मूळ फोटोतला मास्कबाहेरचा भाग जसाच्या तसा परत वर चिकटवावा लागतो. ते केलं, घेराला खणाचा काठ लावला आणि तिसऱ्या संध्याकाळी भाचीला चित्र पाठवलं. तिने तीन बदाम पाठवले.

मास्तरांचा प्रश्न

चौथ्या दिवशी ती ते चित्र मास्तरांकडे घेऊन गेली, मीही गेलो. मास्तरांनी मोबाइल चष्म्याजवळ धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि विचारलं, ‘‘ताई, हा काठ वळवला कसा?’’

चित्रातला घेर गोल होता, ए-लाइनचा असतो तसा, आणि त्याच्या गोलाईबरोबर काठही अलगद वळला होता. खणाचा काठ विणतानाच कापडाच्या किनारीला येतो. किनार सरळ असते. घेर गोल कापला की काठ कापला जातो, आणि तो काढून वेगळा लावायचा तर गोलाईवर बसताना त्याला झोल येतो किंवा त्यात टिपा घालून तो मोडावा लागतो. वळवून बसवलेला दिसत नाही तो.

माझ्या हाताने मीच तो वळवला होता. मॉडेलनेही वळवलाच असता. खाली काठ असलेले हजारो घागरे-फ्रॉक त्याने पाहिले असणार, आणि फोटोत काठ घेराबरोबर जातोच. तो भरतकामाचा आहे, वेगळा जोडलेला आहे की चुण्या घालून आणलाय, हे फोटोच्या कडांत लिहिलेलं नसतं. मॉडेलला कपडा दिसतो कसा हे येतं. तो बेतला कसा, हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही.

असं चित्र तपासताना मास्तरांसारखंच बघावं लागतं हे मला तिथे कळलं. त्यांनी मग एकेक दाखवलं. बोटनेक गळ्यातून डोकं जाणार नाही, मग चेन कुठे आहे? मुंढ्याला बाही आणि अंगाचा भाग एकमेकांत मिसळलेत, शिवण नाही. डाव्या मांडीवर एक मोड आहे, तो सुरू कुठून होतो? मोड नेहमी कुठून तरी लोंबतो, छातीवरून, कंबरेच्या शिवणीतून, वाकलेल्या कोपरातून. मधेच उगवलेला मोड म्हणजे त्यामागे कापड नाही. मी तीन संध्याकाळी सावल्या आणि प्रकाश बघत होतो. त्यांनी दोन मिनिटांत शिवणी बघितल्या.

‘‘काठ खालीच हवा,’’ भाची म्हणाली.

मास्तरांनी दोन रस्ते सांगितले. एक, कापड आडवं धरायचं. खणाचा पन्हा ३१ इंचांचा. कंबरेपासून गुडघ्याखालपर्यंत २४ इंच पुरे, म्हणजे पन्ह्यातच उंची बसते आणि काठ खाली सरळ राहतो. अडीच मीटर कापड २८ इंचांच्या कंबरेत चुण्या घालून बसवायचं. पण ती साडेतीन पट गर्दी. कंबरेला फुगा येईल आणि चित्रातला सपाट ए-लाइन जाईल. दुसरा, कळ्या. आठ कळ्या, प्रत्येक वर साडेतीन इंच आणि खाली बारा. वर २८ ची कंबर, खाली ९६ चा घेर. प्रत्येक कळीत काठ सरळच राहील. फक्त कळीची तिरपी बाजू मधल्या उंचीपेक्षा थोडी लांब असते, म्हणून सांध्यावर घेर जेमतेम एक सेंटिमीटर खाली उतरेल. लांबून गोलच दिसेल.

भाचीने तिथेच, मास्तरांच्या खडूने, टेबलावरच्या कापडाच्या तुकड्यावर आठ कळ्या मांडल्या. घरी येऊन तिने कागदावर पुन्हा स्केच काढलं. या वेळी छटा नव्हती. गळ्यामागची चेन होती, मुंढ्याची शिवण होती आणि स्कर्टवर कळ्यांच्या रेघा होत्या, समोरून दिसणाऱ्या चार कळ्यांपुरत्या.

त्या स्केचवरून मी पुन्हा चित्र केलं तेव्हा फरक मास्क किंवा आकड्यांमुळे पडला नाही, तेच आकडे होते. रेघा बदलल्या होत्या. कळीच्या सांध्यांवर मॉडेलने सावली घातली, कापडाचे मोड त्या सांध्यांतून उतरायला लागले आणि मांडीवरचा अनाथ मोड गेला. खण चढवताना मी तो एक अखंड पसरला नाही. प्रत्येक कळीचा तुकडा वेगळा ठेवला, कळीच्या मधल्या रेघेशी सरळ. त्यामुळे सांध्यावर शेजारच्या कळ्यांच्या बुट्ट्या वीसेक अंशांच्या कोनात भेटतात आणि तिथे बारीक ‘व्ही’ दिसतो. पहिल्या चित्रात ते जुळलेपण इतकं निर्दोष होतं की ते खोटं आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मास्तरांनी दुसरं चित्र पाहिलं, सांधे मोजले आणि खिशातून टेप काढली.

‘‘आता माप द्या,’’ ते म्हणाले.